गोळी न लिहिलेली नोट

कॉल-बुकात ज्युनिअर डॉक्टरने लिहिलं होतं: "वय ५७, पुरुष, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पेशंट डिप्रेस्ड. जेवत नाही, झोपत नाही, पुढच्या केमोला नकार. 'आता कशाला' म्हणतो. कृपया अँटिडिप्रेसंट सुरू करावे."

नाशिकमधल्या ज्या हॉस्पिटलात मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून कॉलवर जाते, तिथल्या कॅन्सर वॉर्डातून असे कॉल नेहमी येतात. त्यात निदान आणि उपचार दोन्ही आधीच लिहिलेले असतात, माझी फक्त सही हवी असते. ज्युनिअरला दोष देत नाही. शेजारच्या खाटेवरचं सलाईन संपलेलं असतं, एकाला ताप चढलेला असतो, त्यात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला की डिप्रेशन हाच शब्द आधी सुचतो.

खाटेवर जाण्याआधी मी ड्रग चार्ट आणि नर्सिंगची पानं वाचते. इथे चार्टमध्येच अर्धं उत्तर होतं. सुजलेल्या यकृतामुळे उजव्या बरगडीखाली दुखतं, त्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ८ मिलिग्रॅम दिलं जात होतं, आणि वेळ लिहिली होती रात्री आठची. स्टिरॉइड रात्री दिलं तर माणूस टक्क जागा राहतो आणि चिडचिडाही होतो. दुखण्यावर ट्रामाडॉल होतं, पण नर्सिंगच्या पानावर पहाटेचा वेदनेचा आकडा दहापैकी सात आणि आठ असा लागोपाठ लिहिलेला होता. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे कमी. बिलिरुबिन तीनच्या वर, म्हणजे यकृत बिघडलेलं. सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड ठीक.

म्हणजे झोप, भूक, वजन, थकवा या चारही गोष्टींना शरीरातच कारणं होती, आणि डिप्रेशनच्या नेहमीच्या यादीत नेमक्या त्याच असतात. बऱ्याच पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ती यादी जशीच्या तशी लावली तर जवळजवळ सगळाच वॉर्ड डिप्रेस्ड ठरेल. १९८४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जीन एंडिकॉट यांनी यावर एक वाट काढली. शारीरिक लक्षणं बाजूला ठेवायची आणि त्यांच्या जागी दुसरी धरायची. भूक-वजनाऐवजी रडवेला किंवा उदास चेहरा, झोपेऐवजी माणसांपासून तुटणं, थकव्याऐवजी सतत तेच ते निराश विचार, आणि एकाग्रतेऐवजी काहीही केलं तरी न खुलणं. माझा सगळ्यात जास्त भर या शेवटच्या लक्षणावर असतो.

आधी डिलिरियम, म्हणजे शरीराच्या आजारामुळे डोक्यात होणारा गोंधळ, वगळायचा. गप्प राहणारा डिलिरियम हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो, आणि यकृत बिघडलेल्या माणसात तो हमखास शोधावा लागतो. मी या काकांना महिने उलटे म्हणायला सांगितले. इंग्रजी महिन्यांत त्यांना रस नव्हता. "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष..." करत ते न अडखळता चैत्रापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, डोकं शाबूत आहे माझं. तीच तर पंचाईत आहे."

काका येवल्याचे, पैठणी विणणारे. मी हात बघायला मागितले. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं जे केमोचं औषध त्यांना दिलं होतं, ते हातापायांच्या नसा बधिर करतं, आणि औषध थांबल्यावरही काही महिने हा बधिरपणा वाढत जाऊ शकतो. त्यांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती. लावता येत नव्हती म्हणून. मी खिशातून शिवणाचा दोरा काढून त्यांच्या चिमटीत दिला आणि डोळे मिटायला सांगितलं. दोरा चिमटीतून घसरून चादरीवर पडला, तरी त्यांची चिमूट तशीच मिटलेली राहिली.

"मागावर एक साडी आहे," ते म्हणाले. "अंग विणून झालंय. पदर राहिलाय. पदरावर मोर आहेत, तिथं एकेक धागा बोटानं उचलावा लागतो. गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेतलेत. आता सांगा, मी काय करू?"

या "काय करू"ला मी थांबले. डिप्रेशनमधला माणूस बहुतेक वेळा म्हणतो, काय करायचं ते कळतं पण उठून करावंसंच वाटत नाही. डिमॉरलायझेशन म्हणजे परिस्थितीपुढे खचलेला माणूस. त्याला करायची इच्छा असते, पण वाटच दिसत नाही, आणि वाट न दिसण्यात तो स्वतःलाच नालायक ठरवतो. जेरोम फ्रँक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने अर्ध्या शतकापूर्वी या अवस्थेवर बरंच लिहिलं. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या किसेन आणि क्लार्क यांनी गंभीर आजारातल्या पेशंटसाठी तिला वेगळं निदान मानावं असं सुचवलं. हताशपणा, असहायता, जगण्याला अर्थ न उरणं ही तिची मुख्य खूण. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात तिला वेगळी जागा नाही, त्यामुळे बहुतेक डॉक्टरांना ती माहीतच नसते.

मग आनंदाची परीक्षा. ती मी कधी प्रश्न विचारून करत नाही, कारण "तुम्हाला कशात आनंद वाटतो का?" याचं उत्तर त्या खाटेवरून "नाही" असंच येतं. मी वाट बघते. शेजारच्या पेशंटची सून डबा घेऊन आली होती, अंगावर जांभळी, मोराच्या पदराची साडी. काकांची नजर पदरावर गेली. "पैठणी का?" मी विचारलं. ते खुदकन हसले. "पदर उलटा करून बघा म्हणावं." तिने केला. मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचं जंजाळ होतं. "मशीनची. हातमागाची असली तर मागून-पुढून मोर सारखाच दिसतो, धागा धाग्यात अडकवलेला असतो." मग ती साडी कितीला घेतली, कोणी फसवलं, किती पैसे जास्त गेले, यावर पाच-सात मिनिटं रंगली. ते कोपरावर उठून बसले होते. सिस्टर येऊन बघून गेली.

नंतर मी विचारलं, "काका, उद्या काय?" चेहरा तिथल्या तिथे मिटला.

समोरच्या क्षणाचा आनंद शाबूत आणि पुढचं काही वाट बघण्यासारखं उरलेलं नाही, असं चित्र दिसलं की माझं मन डिमॉरलायझेशनकडे झुकतं. डिप्रेशनमध्ये दोन्ही जातात. त्याच सुमारास त्याच वॉर्डात एक निवृत्त शिक्षिका होत्या. नातू समोर येऊन उभा राहिला तरी त्यांनी मान वळवली नाही. आपण सासूला नीट सांभाळलं नाही म्हणून हा आजार झाला आणि तो भोगलाच पाहिजे, असं त्या सांगायच्या. त्यांना मी रात्री मिर्टाझापीन साडेसात मिलिग्रॅम सुरू केलं आणि पुढे पंधरा केलं, आणि त्याची गरजच होती. काकांच्या मनात अपराधीपणा होता, पण तो मुलावर बोजा झाल्याचा. शिक्षा व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं.

मरणाबद्दल थेट विचारावंच लागतं. "झोपेत डोळे मिटले तर बरं, असं वाटतं," ते म्हणाले. स्वतःहून काही करावंसं? "नाही हो. पोराला पोलिसात चकरा मारायला लावू का?" घरी शेतीची औषधं, गोळ्यांचा साठा आहे का, हेही विचारलं. डिमॉरलायझेशन म्हणजे सौम्य प्रकार, असा समज धोक्याचा आहे. हताशपणा वाढला की डिप्रेशन नसतानाही माणूस जिवाचं बरंवाईट करू शकतो.

मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला. व्हरांड्यात त्याने मला गाठलं. "मॅडम, वडिलांना काही सांगू नका. यकृतात गाठी आहेत हे त्यांना माहीत नाही." मी काकांकडे परतले तर ते म्हणाले, "पोराला सांगू नका, मला सगळं कळलंय म्हणून. बिचारा घाबरेल." माझ्या मते या वॉर्डातलं निम्मं खचणं इथून येतं. सगळे ठणठणीत बरं होण्याच्या गोष्टी करतात, त्यामुळे माणसाला पैशाचं, मागाचं, घरचं काहीच मार्गी लावता येत नाही.

नोटमध्ये मी लिहिलं: आज मेजर डिप्रेशनचे निकष पूर्ण होत नाहीत. डिमॉरलायझेशन, आयसीडी-१० मध्ये आर ४५.३. डिलिरियम नाही. आत्महत्येचा विचार किंवा बेत नाही, निष्क्रिय मरणेच्छा आहे, रोज विचारावे. अँटिडिप्रेसंट आत्ता नको. डेक्सामेथासोन सकाळी नाश्त्यानंतर द्यावे. ट्रामाडॉल बंद करून तोंडाने मॉर्फिन, यकृत पाहून कमी डोसने सुरू करावे, सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून. केमोच्या नसांच्या दुखण्याला ड्युलॉक्सेटिन उपयोगी पडते, पण ते बधिरपणा घालवत नाही आणि या यकृतावर देऊ नये. ऑन्कॉलॉजिस्ट, पेशंट आणि मुलगा यांची एकत्र बैठक.

ज्युनिअर म्हणाला, "पण मॅडम, एखादी गोळी दिली तर बिघडलं काय?" बिघडतं. एसएसआरआय गटाची डिप्रेशनची गोळी आणि ट्रामाडॉल एकत्र आले की शरीरात सिरोटोनिन अति वाढण्याचा धोका असतो, आणि गोळीचं काम दिसायला काही आठवडे लागतात. त्याहून मोठं नुकसान हे की गोळी लिहिली की सगळ्यांना वाटतं, मनाचं काम झालं. मग ती बैठक कोणी घेत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, आणि आज खचलेला माणूस पुढे डिप्रेशनमध्ये जाऊही शकतो, म्हणून नोटच्या शेवटी लिहिलं: कशानेही खुलत नसल्यास, किंवा शिक्षेची भाषा सुरू झाल्यास, पुन्हा कॉल करावा.

बैठकीत ऑन्कॉलॉजिस्टने सांगितलं की पुढच्या केमोने आजार बरा होणार नाही, फार तर काही काळ आवरेल. काकांनी एकच विचारलं, "बोटं परत येतील?" डॉक्टरांनी उत्तर फिरवलं नाही. काकांनी केमो नको म्हटलं. आता तो नकार कोणालाही आजाराचं लक्षण वाटला नाही. मुलगा रडला. मग काका त्याला सांगू लागले की सून विणते, तिला मोर येत नाही, पण मी बाजूला बसून सांगीन, गिऱ्हाइकाकडून मुदत मागून घे.

मॉर्फिनवर झोप आली. मनाचं सगळं सुटलं असं मुळीच नव्हतं. पुढच्या भेटीत ते माझ्याशी दोन वाक्यंच बोलले. घरी गेल्यावर मुलाचा फोन आला. वडील दिवसभर गप्प बसतात, आता ती गोळी द्यायची का? मी विचारलं, मागाजवळ बसतात का? "बसतात. माझ्या बायकोला धाग्यावरून ओरडतात. काल गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी किमतीवरून भांडले." शिक्षेचं, पापाचं काही? नाही. रात्री झोपतात? झोपतात, पण पोट साफ होत नाही म्हणून बेजार आहेत. मॉर्फिनवर हे व्हायचंच. मी पोट साफ होण्याच्या औषधाचा डोस वाढवून दिला.