पंपावर आकडा तोच, मग साखर दुप्पट कशी?

«डॉक्टर, बाळाला ग्लुकोज तर चालूच आहे, तरी शुगर खाली का येते? आणि राउंडला तुम्ही ‘सहावर आहे, आठवर न्या’ म्हणता, ते सहा-आठ नेमकं कशाचं?»

ते मिलिग्रॅम. बाळाच्या दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, रक्तात जाणारी साखर. आम्ही त्याला जीआयआर म्हणतो. सलाईनच्या बाटलीवर असतात टक्के, पंपावर असतात तासाला किती मिली, आणि बाळाच्या पेशींना या दोन्हींशी काही देणंघेणं नसतं. त्यांना दर मिनिटाला किती साखर पोचली, एवढंच कळतं.

आता हा सहाचा आकडा कुठून आला? जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते आणि बाळाचं यकृत साठवलेल्यातून ती सोडू लागतं. निरोगी बाळाचं यकृत किलोमागे मिनिटाला साधारण चार ते सहा मिलिग्रॅम सोडतं. मोठ्या माणसाचं यकृत जेमतेम दोन. हा फरक पडतो तो मेंदूमुळे. बाळाच्या देहाच्या मानाने मेंदू फार मोठा आणि साखरेचा सर्वात मोठा गिऱ्हाईक तोच. म्हणून सुरुवात सहाने करायची, म्हणजे यकृताने एक कणही सोडला नाही तरी बाळाची गरज भागावी.

हिशेबाला तीन किलोचं बाळ घेऊ. आईला गरोदरपणात डायबेटिस होता. जन्मल्यावर काही तासांत बाळ थरथरायला लागलं, दूध ओढेना, टाचेतून घेतलेली शुगर आली २८. अशा वेळी आधी १० टक्के डेक्स्ट्रोजचे किलोमागे दोन मिली, म्हणजे सहा मिली, हळूहळू शिरेतून देतात आणि लगोलग ड्रिप लावतात. नुसता तो डोस देऊन थांबलं, तर साखर वर जाते, त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या-एक तासात बाळ पुन्हा खाली येतं. ड्रिपचं सूत्र असं:

GIR = (ml/hr × %) ÷ (6 × kg)

तीन किलोला सहा हवा असेल, तर १० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज तासाला १०.८ मिली. पडताळून बघा: १०.८ मिलीत १०८० मिलिग्रॅम साखर, साठ मिनिटांत वाटली की १८, तीन किलोंत वाटली की ६.

तासाभराने शुगर ३८. म्हणून आठवर. त्याच बाटलीतून द्यायचं तर तासाला १४.४ मिली, म्हणजे दिवसाला किलोमागे ११५ मिली पाणी. पहिल्या दिवशीच्या बाळाला साधारण ६० ते ८० पुरतं. जास्तीचं पाणी सूज आणतं, सोडियम खाली आणतं, आणि कमी सोडियमनेही झटके येऊ शकतात. साखर वाढवणं अवघड नाही, पाणी न वाढवता ती वाढवणं अवघड. म्हणून बाटलीतलं द्रावण घट्ट करायचं. १२.५ टक्क्यांचं केलं, की आठसाठी तासाला ११.५ मिली पुरतात. आमच्याकडे तयार १२.५ मिळत नाही. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४१.७ मिली दहाचं आणि ८.३ मिली पंचवीसचं एकत्र करून सिस्टर ते बनवतात. हे मी दोघींकडून तपासून घेतो, कारण चूक झाली तर ती पंपावर दिसत नाही.

हातापायाच्या शिरेतून १२.५ च्या वर जाता येत नाही. त्यापुढचं घट्ट द्रावण शीर जाळतं. सुईजवळ फुगलं, कातडी पांढुरकी-थंड झाली, की द्रावण बाहेर झिरपतंय, आणि बाळाला साखरही पोचत नाही. चांगली टिकलेली शुगर अचानक ३० आली, की मी सूत्राआधी तो हात उघडून बघतो. मग जोड सैल झालाय का, सिरिंजमध्ये काय भरलंय. उलटही होतं: ज्या पायात ड्रिप आहे त्याच टाचेतून रक्त घेतलं, तर शुगर खोटी चांगली येऊ शकते.

या बाळाला शेवटी बारा लागले. तेव्हा नाळेच्या शिरेतून लाईन टाकली आणि २० टक्के लावलं. गती? पुन्हा तासाला १०.८ मिली. बाळाचे बाबा पंपाकडे बघून म्हणाले, «हे तर पहिल्या दिवशीचंच आहे, वाढवलंच नाही.» पाणी तेवढंच होतं, साखर दुप्पट झाली होती. पंप वाचणाऱ्या घरच्यांना मी तेव्हापासून टक्केही वाचायला सांगतो.

पण बारा हा आकडा मला औषधाच्या डोसापेक्षा वेगळं काही सांगतो. यकृत पूर्ण बंद असलं तरी सहा-आठात भागायला हवं होतं. मग उरलेली साखर जाते कुठे? बहुतेकदा इन्सुलिन ती पेशींत कोंबत असतं. डायबेटिस असलेल्या आईच्या बाळाचं स्वादुपिंड पोटातच जादा इन्सुलिन करायला शिकलेलं असतं, पण ते सहसा दोन-चार दिवसांत शांत होतं. आठवडा उलटला आणि बाळ दहा-बाराच्या खाली यायला तयार नाही, तर दुसरी कारणं शोधावीच लागतात.

त्यासाठी रक्त शुगर ५० च्या खाली असतानाच घ्यावं लागतं. इन्सुलिन, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन, कीटोन, फॅटी अ‍ॅसिड, लॅक्टेट, अमोनिया, सगळं एकदम. आई बघत असते, शुगर ४१ आलेली असते, आणि आम्ही आधी नमुने घेत असतो. ती दोन-तीन मिनिटं तिला निर्दयपणाची वाटतात, मला कळतं. पण साखर दिल्यावर तोच नमुना काहीच सांगत नाही. साखर इतकी खाली असूनही इन्सुलिन सापडलं आणि कीटोन नाहीत, तर उत्तर तिथेच मिळतं: इन्सुलिन थांबत नाहीये. कीटोनही नसल्याने मेंदूला पर्यायी इंधन मिळत नाही, म्हणून ही शुगर इतर बाळांच्या तेवढ्याच शुगरपेक्षा जास्त घातक. तेव्हा इन्सुलिन रोखणारं डायझॉक्साइड सुरू करतो. त्याने अंगात पाणी साठतं, त्यामुळे पाण्याचा तो जुना हिशेब पुन्हा काढावा लागतो.

«मग ड्रिप कधी काढणार?» हे पुढचं ठरलेलं. चोवीस तास शुगर ५० च्या वर नीट राहिली, की दर सहा तासांनी दोन-दोनने उतरवायचं, आणि तेवढंच दूध वाढवायचं. एकदम काढली, तर इन्सुलिन तसंच राहतं आणि साखर संपते. दुधाचाही जीआयआर निघतो. आईच्या १०० मिली दुधात साधारण सात ग्रॅम साखर असते. आपलं बाळ दर दोन तासांनी ३० मिली घेऊ लागलं, म्हणजे दिवसाला ३६० मिली, की ते किलोमागे मिनिटाला ५.८ झालं. सुरुवातीला ड्रिपने दिलं होतं जवळपास तेवढंच. ड्रिप चारवर आली, दूध पचतंय आणि शुगर टिकतेय, की पंप बंद.

इन्सुलिनचा त्रास निघालेल्या बाळाला मात्र मी तेवढ्यावर घरी सोडत नाही. एक-दोन फीड मुद्दाम चुकवून, वॉर्डातच, सहा तास उपाशी ठेवून बघतो. त्यात शुगर ७० च्या वर राहिली तर डिस्चार्ज लिहितो, नाहीतर औषधाचा डोस बघून पुन्हा तेच.