‘Hi’ला उत्तर द्यायचं, पण कोणाला?

आमच्या महिला समुपदेशन केंद्राच्या फोनवर अनोळखी नंबरांवरून रोज नुसतं ‘Hi’ येतं. त्यात भुरटेच जास्त. परदेशी कोडचा नंबर, गोऱ्या बाईचा फोटो, उत्तर दिलं की “सॉरी, राँग नंबर” आणि तरीही गप्पा सुरूच. किंवा घरबसल्या हॉटेलांना रेटिंग देऊन पैसे कमवा. असा माणूस आपणहून पुढे बोलतो, त्याला घाई असते. त्याला रिपोर्ट करून ब्लॉक केलं की संपलं.

आम्हाला जिची वाट असते ती बाई ‘Hi’ टाकते आणि गप्प बसते. कधी टाकून लगेच डिलीट करते.

गेल्या महिन्यात दुपारी असंच एक आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) +91चा नंबर, प्रोफाइलला गुलाबाचं फूल, आमच्यात एकही सामाईक ग्रुप नाही. ट्रूकॉलरवर नाव एका टायरच्या दुकानाचं निघालं. आमच्याकडची नवीन मुलगी म्हणाली, “पुरुष आहे ताई, ब्लॉक करते.” मी थांबवलं. आपल्याकडे बायकांच्या हातातलं सिम पुष्कळदा नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असतं. ट्रूकॉलर फार तर लोकांनी तो नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय ते सांगेल, फोन आत्ता कोणाच्या हातात आहे ते नाही.

मग फोन का करायचा नाही? तर घरात रिंग वाजते म्हणून. आणि “नमस्कार, महिला समुपदेशन केंद्र” असं लिहिलं की चॅट न उघडताही ती ओळ लॉक स्क्रीनवर झळकते. मागाहून ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं तरी मेसेज काढल्याची खूण राहते, म्हणजे नवऱ्याला विचारायला आणखी एक प्रश्न. शिवाय तिचं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं असेल, तर तिने काय डिलीट केलं याला अर्थच उरत नाही.

आमच्या इमारतीत खरोखरच शिवणक्लास चालतो. म्हणून या फोनचा डीपी शिलाई मशीनचा आहे आणि पहिलं उत्तर ठरलेलं: “नमस्कार, शिवणक्लासची चौकशी होती का?” जिने आमचा नंबर कुणा बाईकडून घेतलाय तिला ते कळतं, कारण नंबर देतानाच तसं सांगितलेलं असतं. नवऱ्याने वाचलं तर शिवणक्लासच आहे. भुरट्याला क्लासशी देणंघेणं नसतं, तो आपली कॅसेट पुढे चालू ठेवतो. ही युक्ती माझी आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. एका मोठ्या प्रशिक्षणात आम्हाला “तात्काळ संपर्क साधा” एवढंच शिकवलं होतं. शिकवणाऱ्या साहेबांनी असा फोन कधी उचलला नसावा.

उत्तर आलं, “Ho”. मी विचारलं, “कोणती वेळ सोयीची?” “4 nantar.”

चारनंतर तिचा मिस्ड कॉल आला, मी परत लावला. मागे नळाचा आवाज. तिने मारहाणीचं दोन वाक्यांत सांगितलं आणि मग तिचा खरा प्रश्न आला: “ताई, तक्रार केली तर घर सोडावं लागेल का?” नाही लागत. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्यात कलम 17 आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. पोलिसात गुन्हा नोंदवलेला नसला तरी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. केंद्राचा पत्ता सांगितला, बुधवारी अकराला या म्हटलं, महिला हेल्पलाइनचा 181 नंबर पाठ करायला लावला. खुणेचा शब्द ठरवणार, तोच फोन कट झाला.

सहाला त्याच नंबरवरून मेसेज आला: “मॅडम, आपले ऑफिस कुठे आहे? पत्ता पाठवा.”

देवनागरीत, प्रश्नचिन्हासकट. दुपारी रोमनमध्ये एकेक शब्द लिहिणारी बाई. फोनवर ‘ताई’ म्हणाली, आता ‘मॅडम’. आणि पत्ता तर तिला दिलेला होता. पण मार खाल्लेल्या डोक्यात पत्ता राहतोच असं नाही, आणि शेजारच्या शाळकरी मुलीने तिच्यासाठी टाइप करून दिलं असेल तर हे सगळे तर्क फोल.

आमच्या वरिष्ठ म्हणाल्या, पत्ता दे, शिवणक्लासचा पत्ता लपवण्यासारखा काय आहे! खरं आहे. पण तोच पत्ता केंद्राचा, आणि बुधवारी अकराला जिन्यात आणखी चार बायका असतात. आणि मेसेज नवऱ्याचा असेल, तर उत्तरच दिलं नाही की त्याचा संशय वाढून ती घरात भोगणार. मी लिहिलं, “क्लासची ही बॅच भरली आहे. नवीन बॅचचं कळवू.” निळ्या टिका लगेच आल्या, पुढे काही नाही.

बुधवारी ती आली नाही. वरिष्ठांचं म्हणणं, तू दार लावलंस. माझं म्हणणं, पत्ता मागणारी ती नव्हतीच, आणि तिच्याकडे 181 आहे. आम्ही दोघीही अजून आपापल्या म्हणण्यावर ठाम आहोत. बदललं ते एवढंच, की आता फोन लागला की नावगाव विचारण्याआधी मी खुणेचा शब्द ठरवते. हल्ली शब्द ‘काजबटण’ आहे; पुढच्या मेसेजात तो नसला की मी फक्त क्लासबद्दलच बोलते.