नॉर्मल आलेलं सी-पेप्टाइड

ओपीडी संपत आली होती. त्या बाई आत आल्या आणि बसायच्या आधीच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "डॉक्टर, सी-पेप्टाइड नॉर्मल आलंय. म्हणजे इन्सुलिन लागणार नाही ना?"

वय ३८. दोन वर्षांपासून टाइप २ मधुमेह म्हणून उपचार चालू, तेही माझ्याकडेच. आधी मेटफॉर्मिन, मग ग्लिमेपिराइड, आणि दीड महिन्यापूर्वी डापाग्लिफ्लोझिनही मीच वाढवलं होतं. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी १०.४, आणि वजन ५८ किलोवरून ५१. पहिल्या दिवसापासून त्या सडपातळ होत्या, थायरॉइडची गोळीही आधीपासून घेत होत्या. या दोन गोष्टी एकत्र बघून मला दोन वर्षांपूर्वीच टाइप १ ची शंका यायला हवी होती. आली नाही. तपासण्या लिहिल्या त्या वजन उतरल्यावर, आणि त्याही घाईत.

रिपोर्टमध्ये सी-पेप्टाइड १.४ नॅनोग्रॅम होतं. लॅबच्या छापील मर्यादेत बसत होतं, त्यामुळे पुढे ठळक अक्षर नाही, बाण नाही. पण त्याच नमुन्यातली साखर होती २८६. नजर तिथे गेली आणि माझा जीव खाली-वर झाला.

स्वादुपिंडातल्या बिटा पेशी आधी प्रोइन्सुलिन बनवतात. ते तुटलं की इन्सुलिनचा एक रेणू आणि सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. इन्सुलिनचा मोठा वाटा यकृतच पहिल्या फेरीत काढून घेतं. सी-पेप्टाइडला यकृत जवळजवळ हात लावत नाही, ते पुढे मूत्रपिंडांमार्फत जातं. म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे त्यावरून कळतं, आणि टोचलेलं इन्सुलिन त्यात मिसळत नाही. पण बिटा पेशी साखर बघून काम करतात. साखर २८६ असताना धडधाकट पेशींनी भरपूर जोर लावला असता. तिथे १.४ म्हणजे थकलेलं उत्तर.

मात्र थकवा कशाचा, हे हा आकडा सांगत नाही. बरेच दिवस साखर चढलेली राहिली तर टाइप २ मध्येही पेशी तात्पुरत्या दबतात. खरं तर सी-पेप्टाइडचा निकाल स्वच्छ मिळतो तो निदानानंतर तीनेक वर्षांनी, रुग्ण इन्सुलिनवर असताना. तेव्हा ०.६ च्या खाली आलं तर टाइप १ कडे कल, १.८ च्या वर आलं तर बहुधा टाइप २. आमचं १.४ या दोहोंच्या मधे, अधांतरी.

कौल दिला दुसऱ्या पानानं. जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच बिटा पेशींवर उलटल्याची खूण: मर्यादा १०, यांची २५० च्या वर. प्रौढांत टाइप १ ची शंका असली की पहिली तपासणी हीच करतात. ती निगेटिव्ह आली तर आयए-२ आणि झेडएनटी८. इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीही असते, पण इन्सुलिन सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धच ती तयार होऊ लागते, मग तिचा निदानाला उपयोग उरत नाही. जीएडी नुसती काठावर, १२-१५ अशी असती तर मी इतका ठाम झालो नसतो. मधुमेह नसलेल्या काही लोकांतही ती थोडी सापडते. पण एवढा चढा आकडा, उतरणारं वजन आणि थायरॉइड एकत्र आल्यावर शंकेला जागा नव्हती. हा हळूहळू उलगडणारा टाइप १ होता.

पहिलं काम केलं ते डापाग्लिफ्लोझिन बंद करायचं. इन्सुलिन कमी असताना या गोळीवर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, चढू शकतात, आणि साखर फार वाढलेली नसल्यानं ते लक्षातही येत नाही. लगेच बोटातून कीटोन तपासले: १.१. अजून दोन आठवडे गेले असते तर त्या ओपीडीत नाही, इमर्जन्सीत भेटल्या असत्या.

"मग नॉर्मल कसं लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"लॅब उपाशीपोटीच्या निरोगी माणसाशी तुलना करते. तुमच्या त्या वेळच्या साखरेशी नाही."

ग्लिमेपिराइडही थांबवलं. त्या दिवशी रात्रीचं बेसल इन्सुलिन सुरू झालं, आठवड्याभरात जेवणाआधीचंही. तीन महिन्यांत वजन ५५ वर आलं.

दोन वर्षांनी सी-पेप्टाइड पुन्हा केलं तर ०.३. "संपलं का सगळं?" बाईंचा चेहरा उतरला. मी साखरेचा रकाना पाहिला: ६१. त्या सकाळी नाश्ता लांबला होता आणि साखर उतरली होती. इतक्या कमी साखरेला पेशी गप्पच बसणार. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि चार दिवसांनी, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. साखर १७२, सी-पेप्टाइड ०.८.

"अजून थोडं आहे," मी म्हटलं, आणि इन्सुलिनचे डोस होते तसेच ठेवले.