तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी मोठी म्हणजे नक्की कशात मोठी?

"वॉलमार्टची विक्री एनव्हिडियाच्या दहापट होती, तरी जगातली सर्वांत मोठी कंपनी एनव्हिडिया झाली असं बातम्यांत आलं. मग मोठी म्हणजे नक्की कशात मोठी?"

जानेवारी 2024 मध्ये संपलेल्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल सुमारे 648 अब्ज डॉलर होती आणि एआयसाठी लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची सुमारे 61 अब्ज. त्याच 2024 च्या जूनमध्ये एनव्हिडियाचं मार्केट कॅप, म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, 3 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं आणि काही काळ ते जगात सर्वाधिक होतं. वॉलमार्टचं तेव्हा 540 अब्जांच्या आसपास होतं. दोन्ही आकडे खरे आहेत. उलाढाल सांगते की गेल्या बारा महिन्यांत ग्राहकांना किती रकमेचा माल विकला. मार्केट कॅप सांगतं की कंपनी पुढे जे काही कमावेल, त्यातल्या भागधारकांच्या वाट्याला लोक आज किती किंमत द्यायला तयार आहेत.

एवढी तफावत का पडली, ते नफ्याकडे पाहिलं की कळतं. त्या वर्षी 100 डॉलरच्या विक्रीतून वॉलमार्टच्या हाती निव्वळ नफा म्हणून साधारण 2.40 डॉलर उरले, तर एनव्हिडियाच्या हाती जवळपास 49. म्हणजे दहापट विक्री असूनही वॉलमार्टचा नफा एनव्हिडियाच्या निम्माच होता. शिवाय एनव्हिडियाची विक्री वर्षभरात दुपटीहून जास्त वाढली होती आणि बाजाराने ती वाढ पुढेही चालेल असं धरून भाव लावला होता. हा अंदाज आहे, झालेला हिशोब नव्हे. मार्केट कॅप वाचताना हा फरक सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे कंपनीचा पसारा सांगायचा असेल तर मी उलाढालच घेते. किती माल हलतो, बाजारात किती वाटा आहे, पुरवठादार तिच्यावर किती अवलंबून आहेत, हे त्यातून दिसतं. फॉर्च्युनची 500 कंपन्यांची यादी उलाढालीवर लागते, आणि दोन कंपन्यांचं विलीनीकरण तपासायचं की नाही हे युरोपीय संघही मुख्यतः उलाढालीवरच ठरवतो. गुंतवणूकदाराचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून एस अँड पी 500 सारख्या निर्देशांकात कंपनीचं वजन मार्केट कॅपवर ठरतं. तिथेही प्रत्यक्ष खरेदी-विक्रीसाठी मोकळे असलेले शेअरच धरतात, प्रवर्तकांनी दीर्घकाळ धरून ठेवलेले नाहीत. बँकांसाठी मात्र दोन्ही मापं तोकडी पडतात, तिथे एकूण मालमत्ता पाहतात.

उलाढालीचा आकडा ठोस वाटतो, पण तोही नीट पाहून घ्यावा लागतो. समजा, एका संकेतस्थळावरून 100 डॉलरची हॉटेलची खोली घेतली गेली आणि त्यातले 15 डॉलर संकेतस्थळाला दलाली म्हणून मिळाले. कंपनी नुसती मध्यस्थ असेल तर तिच्या हिशोबात उलाढाल 15 डॉलर दिसते. तिने खोल्या आधीच स्वतःच्या जोखमीवर घेऊन ठेवल्या असतील, तर पूर्ण 100. ग्राहक तोच, खोली तीच, आणि आकड्यात जवळपास सातपट फरक! म्हणून दोन कंपन्यांची उलाढाल शेजारी ठेवण्याआधी मी वार्षिक अहवालातली महसूल कसा मोजला याची टीप वाचते.

मार्केट कॅपमध्ये चूक होते ती बहुधा शेअरच्या भावामुळे. नुसत्या भावावरून कंपनीचा आकार कळत नाही. 7 जून 2024 ला एनव्हिडियाचा शेअर साधारण 1,209 डॉलरला बंद झाला आणि कंपनीचे सुमारे 246 कोटी शेअर होते. गुणाकार केला की जवळपास 2.97 लाख कोटी डॉलर येतात. मग एकाचे दहा शेअर झाले आणि 10 तारखेला भाव 121 च्या आसपास आला. शेअर दहापट, भाव एक दशांश, गुणाकार जवळजवळ तोच.

या गुणाकारात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दिवसभरात थोडेच शेअर हात बदलतात, पण त्यातल्या शेवटच्या सौद्याचा भाव सगळ्या शेअरना लावला जातो. 27 जानेवारी 2025 ला चीनच्या डीपसीक कंपनीने कमी खर्चात एआय मॉडेल बनवल्याची बातमी पसरली, एनव्हिडियाचा शेअर सुमारे 17 टक्के पडला आणि मार्केट कॅप एका दिवसात जवळपास 590 अब्ज डॉलरने घटलं. 'कंपनीने एवढे अब्ज गमावले' असे मथळे आले. कंपनीच्या खात्यातून त्या दिवशी यातला एक डॉलरही गेला नव्हता. भागधारकांकडच्या शेअरची किंमत उतरली होती, म्हणजे पुढच्या कमाईबद्दलचा बाजाराचा अंदाज बदलला होता. त्याच जानेवारीत संपलेल्या तिमाहीचे निकाल फेब्रुवारीच्या शेवटी आले, तेव्हा उलाढाल आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 78 टक्क्यांनी जास्त होती.