लॉगमध्ये एकही चुकीचा पासवर्ड नव्हता

आईच्या खोलीतला कॅमेरा रात्री आपोआप फिरतो, अशी एका ताईंची तक्रार होती. अशा वेळी मी आधी साधी कारणं तपासतो. वीज जाऊन आली की फिरता कॅमेरा स्वतःची चाचणी घ्यायला एकदा गरकन फिरतो. माणसामागे वळायची सोय चालू असेल, तर पडदा हलला तरी वळतो. इथे वीज गेली नव्हती, ती सोयही बंद होती. आणि कॅमेरा वळून थांबायचा तो नेमका पलंगाकडे.

कॅमेऱ्याचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरचा लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची नोंद, उघडला. घरातल्या फोनचे आयपी पत्ते 192.168.1 ने सुरू होणारे, त्यांच्या अधेमधे बाहेरचे अनोळखी पत्ते, बहुतेक रात्रीचे, सगळे `admin` या नावाने. पण मला खटकलं ते वेगळंच. कोणी अंदाजाने पासवर्ड शोधत असेल, तर आधी चुकलेल्या प्रयत्नांची रांग दिसते. इथे तशी एकही नोंद नव्हती. जो आला तो पहिल्याच फटक्यात आत. म्हणजे पासवर्ड कंपनीचा, डब्यातून आला तसाच.

ताई ठाम होत्या, "बसवताना मी स्वतः बदलला होता." खरंच बदलला होता. पुढे त्या तो विसरल्या, आधीच्या तंत्रज्ञाने रेकॉर्डर रिसेट केला, आणि तोही इंटरनेटची वायर लावलेली ठेवून. रिसेटने कंपनीचा पासवर्ड परत आला आणि त्याच्याबरोबर यूपीएनपीही चालू झालं. हे चालू असलं की रेकॉर्डर राउटरला सांगून बाहेरून आत यायची वाट परस्पर उघडून घेतो, घरच्यांना कोणी विचारत नाही. राउटरच्या पानावर 80 आणि 554 हे दोन्ही पोर्ट उघडे दिसले. त्या माणसाने मोबाइलवर चित्र आलेलं दाखवलं आणि तो गेला. चित्र आलं की काम झालं, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे.

"आमच्या घरात बघण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. तुमचं घर कोणी निवडत नाही, यंत्रं सरसकट सगळे पत्ते ठोठावत फिरतात. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रामने नाव-पासवर्डच्या साठेक तयार जोड्यांची यादी घेऊन असेच लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. बंद करून चालू केलं की तो पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत यायचा.

मी आधी लॉग पेनड्राइव्हवर उतरवला, कारण जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मग राउटरची बाहेरची वायर काढली. यूपीएनपी बंद केलं, उघडे पोर्ट काढून टाकले, रेकॉर्डरचा पासवर्ड बदलला. ताईंसाठी नुसतं बघता येईल असं वेगळं खातं केलं.

बरेच जण इथे थांबतात. पण कॅमेऱ्याला स्वतःचा पासवर्ड असतो, आणि तोही कंपनीचाच होता. तो कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन बदलला, आणि सवयीप्रमाणे लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याच्या थेट चित्राचा `rtsp://` पत्ता जुन्याच पासवर्डने टाकून पाहिला. पलंग समोर स्वच्छ दिसला. ताई मागेच उभ्या होत्या. "आत्ताच बदललात ना?"

ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जोडायची ठरलेली पद्धत. या मॉडेलमध्ये तिची खाती वेगळ्या यादीत असतात आणि थेट चित्रालाही तीच चालतात. पानावरचा पासवर्ड बदलला तरी त्या यादीला हात लागत नाही. मॅन्युअलमध्ये यावर अवाक्षर नाही, याचा मला अजून राग आहे. ती यादी बदलली की रेकॉर्डरवर तो कॅमेरा काळा पडतो आणि तिथे नवीन पासवर्ड भरावा लागतो. ही कटकट नको म्हणूनच बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. बदलल्यावर व्हीएलसीने जुना पासवर्ड नाकारला, तेव्हाच मी वायर परत लावली. मग फोनचं वायफाय बंद केलं आणि मोबाइल डेटावरून घराचा बाहेरचा पत्ता उघडून पाहिला. काहीच उघडलं नाही.

"कोण होतं?" ताईंनी निघताना विचारलं. लॉगमधला पत्ता सांगता येतो, माणूस नाही. तो पत्तासुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी असाच ताब्यात गेलेल्या कॅमेऱ्याचा असू शकतो. पोलिसांकडे जायचं असेल तर पेनड्राइव्ह जपून ठेवा, एवढंच मला सांगता आलं. आईला सांगायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

आधीच्या तंत्रज्ञाला मी फोन केला. तो म्हणाला, "अरे, वेगळा पासवर्ड दिला की लोक विसरतात आणि रात्री-अपरात्री मलाच फोन करतात." त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड आहे, हेही त्याने सहज सांगून टाकलं. विसरण्याचं तो म्हणतो ते खोटं नाही, मलाही तसे फोन येतात. पण त्या बाकीच्या घरांचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. ग्राहक त्याचे आहेत, आणि यादी तो देणार नाही.