नागपूरच्या हॉटेलात आईसाठी लग्न टीव्हीवर लावलं

मे महिन्यात मावसभावाच्या लग्नाला पुण्याहून नागपूरला गेलो होतो. सीताबर्डीजवळच्या हॉटेलात खोली होती. पहिल्याच दुपारी आईला ऊन बाधलं, त्यामुळे संध्याकाळी सीमांतपूजनाला ती येऊ शकणार नव्हती. फोटोग्राफर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार होता. फोनच्या पडद्यावर तिला माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून ते टीव्हीवर लावायचंच असं ठरवलं. बॅगेत लॅपटॉप होता आणि घरचं जुनं क्रोमकास्ट, म्हणजे फोनवर निवडलेला व्हिडिओ टीव्हीवर लावणारं छोटं उपकरण.

पहिली अडचण टीव्हीचीच आली. हॉटेलच्या रिमोटवर इनपुट बदलायचं बटणच नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "वायफाय फोनलेच लागते जी, टीव्हीले नाही." मी त्याला सांगितलं की मला फक्त एचडीएमआय लावायचंय. तेव्हा तो टीव्हीचा मूळ रिमोट घेऊन वर आला आणि दोन मिनिटांत इनपुट बदलून दिलं. तुम्हीही थेट असंच मागा. क्रोमकास्टला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. ती अपुरी पडली की ते मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतं. फोनचा चार्जर भिंतीत लावा.

खरा अडथळा वायफायच्या लॉगिन पानाचा होता. खोली क्रमांक, मोबाइल नंबर आणि ओटीपी दिल्यावरच इंटरनेट सुरू होतं. जुन्या क्रोमकास्टला असं पान दाखवता येत नाही, त्यामुळे ते वायफायला जोडलं गेलं तरी इंटरनेट मिळत नाही. "इंटरनेट तर फोनवर आहेच की," असं वाटतं, पण यूट्यूब कास्ट करताना फोन फक्त कुठला व्हिडिओ लावायचा ते सांगतो. व्हिडिओ क्रोमकास्ट स्वतः इंटरनेटवरून ओढतं.

शिवाय बऱ्याच हॉटेलांत एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था असते. सुरक्षिततेसाठी ती योग्यच आहे. पण मग दोन्हीकडे इंटरनेट असूनही फोनवर कास्टचं चिन्ह उमटत नाही. असं झालं तर क्रोमकास्ट रीसेट करत बसू नका, दोष त्याचा नसतो.

दोन्हींवर उपाय एकच, आपलं छोटं नेटवर्क खोलीतच उभं करायचं. लॅपटॉप हॉटेलच्या वायफायला जोडला. लॉगिन पान आपोआप उघडेना, म्हणून ब्राउझरमध्ये `http://neverssl.com` टाकलं आणि पान समोर आलं. ऑफिसचं व्हीपीएन मी आधीच बंद केलं होतं, ते सुरू असलं की हे पान अडतं. ओटीपी देऊन लॉगिन झाल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये Mobile hotspot सुरू केलं आणि तिथे वायफायचंच इंटरनेट वाटायला निवडलं. आता हॉटेलच्या यंत्रणेला फक्त लॅपटॉप दिसतो. त्याच्यामागे काय जोडलंय हे तिच्या लॉगिनमध्ये मोजलं जात नाही.

इथे एक युक्ती फार कामाची ठरली. हॉटस्पॉटला नाव आणि पासवर्ड अगदी घरच्या वायफायचेच दिले, अक्षर न् अक्षर तेच. क्रोमकास्टला वाटलं आपण घरीच आहोत. नव्याने सेटअप न करता ते जोडलं गेलं. बँड मात्र 2.4 गिगाहर्ट्झ ठेवा, कारण पहिल्या पिढीच्या क्रोमकास्टला दुसरा चालत नाही. Power saving बंद करा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा, नाहीतर तो झोपला की सगळंच थांबतं. मग फोनही त्याच हॉटस्पॉटला जोडला आणि कास्टचं चिन्ह दिसलं.

एकच वायफाय घेणं आणि देणं दोन्ही करत असल्यामुळे वेग कमी होतो. चित्र अडखळायला लागल्यावर मी दर्जा 720p वर आणला, मग पूजन संपेपर्यंत ते थांबलं नाही. आईने मावशीची पैठणी लांबूनच ओळखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिन्ह दिसत होतं, पण व्हिडिओ नुसता फिरत राहिला. म्हणजे खोलीतलं नेटवर्क ठीक होतं, हॉटेलचं लॉगिन संपलं होतं. लॅपटॉपवर पुन्हा ओटीपी दिला आणि मागचं सगळं सुरू झालं.

लॅपटॉप नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून कास्ट करणारा फोन आणि क्रोमकास्ट दोन्ही त्याला जोडा. मात्र आयफोन वायफायचं इंटरनेट पुढे देत नाही, मोबाइल डेटाच वापरतो. एचडी व्हिडिओला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, तेव्हा रोजच्या पॅकचा अंदाज घेऊनच लावा. निघताना क्रोमकास्ट टीव्हीमागून काढलं, आणि हॉटेलचा चार्जर म्हणून कुणी उचलू नये यासाठी आमच्या चार्जरवर आईच्या नावाची चिकटपट्टी लावली होती, तीही तपासून घेतली.