मी जिलबी खाल्ली

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे पत्र आले. मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवर इतर मंडळी लिहितीलच. माझी लेखणी मात्र मराठीच्या बाईंपाशीच अडून बसली आहे.

‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न आम्हा इंदूरच्या मुलांना जड जाई. घरात मराठी, गल्लीत हिंदी. नियम पाठ होता: क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, कोणाचेच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनी राहिले तर भावे. एकदा बाईंनी फळ्यावर लिहिले, ‘मी सराफ्यात पेढा खाल्ला.’ सगळा वर्ग ओरडला, ‘कर्तरी!’ ‘मी’ला ‘ने’ नाही, खाणारा मुलगा, ‘खाल्ला’ही पुल्लिंगी. बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला तेच वाक्य म्हणायला लावले. तीही ‘खाल्ला’च म्हणाली. मग पेढा पुसून त्यांनी जिलबी लिहिली आणि मला उठवले.

‘मी सराफ्यात जिलबी खाल्ली.’

‘क्रियापद कोणामागे गेले?’

‘जिलबीमागे.’

‘आता हिंदीत म्हण.’

‘मैंने जलेबी खाई।’

‘तो ‘ने’ आपल्याकडेही आहे रे. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना लागला तरी दिसत नाही. ‘त्याने’ म्हण, लगेच दिसेल.’ उत्तर कर्मणी.

पण हीच हिंदी पुढच्या वाक्याला दगा देई. ‘शिपायाने चोराला पकडले.’ हिंदीत ‘सिपाही ने चोर को पकड़ा’. चोर पुल्लिंगी, ‘पकड़ा’ही पुल्लिंगी, म्हणून आम्ही कर्मणी लिहून मोकळे! बाईंनी चोराच्या जागी मुलीला बसवले, मग मुलांना. ‘पकडले’ जागचे हलले नाही. म्हणजे भावे. याउलट ‘मुलीने पुस्तक वाचले’ यातला ‘ले’ पाहून भावे लिहिणारे हुशारही वर्गात होते. पुस्तकाऐवजी कविता ठेवली की ‘वाचली’ होते, म्हणून ते कर्मणी. नुसता शेवट पाहून लिहिलेले उत्तर बाई तपासतच नसत. बदललेला शब्द वहीच्या समासात दिसला पाहिजे, ही त्यांची अट.

भूतकाळ आणि कर्म दिसले की डोळे झाकून कर्मणी, असेही नाही. ‘मी धडा शिकलो.’ धड्याऐवजी कविता घ्या, ‘शिकलो’ तसेच राहते. बोलणारी मुलगी असली की ‘शिकले’ होते. इथे कर्तरी.

पुढे बँकेत नोकरी केली, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नियमाचा नुसता चेहरा पाहून सही करायची नाही, ही सवय बाईंचीच. हल्ली नातवाच्या प्रश्नपत्रिकेत चार पर्यायांपुढे गोल काळा करायचा असतो. शब्द बदलून पाहायला त्यात समासच नाही, याचे मला फार वाईट वाटते. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलांसाठी शाळेने रविवारी मराठीचा वर्ग सुरू केला, तर प्रयोगांचा तास मी घेईन. खडूही घरून आणीन.